बर्फाविना गेलेले तास

अमळनेरसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावी मासा दोन वाटांनी येतो आणि दोन्ही वाटांचा मासा बाजारात अनेकदा शेजारी शेजारी मांडलेला दिसतो. एक वाट जवळची. तालुक्याच्या उत्तरेकडून वाहणारी तापी, तिला जाऊन मिळणारी बोरी आणि परिसरातील धरणे व तलाव यांतून रोहू, कटला, मृगळ, मरळ, शिंगाडा, वाम असे गोड्या पाण्यातील मासे येतात. दुसरी वाट लांबची. आपल्याला सर्वांत जवळचा समुद्र सुरतेकडचा आणि तोही लोहमार्गाने सुमारे अडीचशे किलोमीटरवर. तेव्हा बांगडा, सुरमई, पापलेट, बोंबील हे सारे बर्फाच्या पेट्यांतून प्रवास करूनच आपल्यापर्यंत पोहोचतात. आंध्र प्रदेशातील तळ्यांमध्ये वाढवलेला रोहू आणि कटलाही अशाच पेट्यांतून देशभर जातो.

या दोन वाटांविषयी आपल्याकडे एक समज पक्का रुजलेला आहे. जवळचा मासा तो ताजा आणि बर्फातून आलेला तो शिळा, असे बहुतेक घरांत मानले जाते. घरातील वडीलधारी मंडळी तर बर्फ दिसला की पुढच्या फळीकडे वळतात. हा समज अर्धाच खरा आहे, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग वयस्कर माणसाच्या प्रकृतीला धोका पोहोचवू शकतो. म्हणून या लेखात मासा घेण्यापासून तो घरी पोहोचेपर्यंतच्या वेळेचा विचार करू.

दिवस मोजावे की तास?

मासा पाण्याबाहेर आला की त्याच्या कल्ल्यांवर, कातडीवर आणि आतड्यांत आधीपासूनच असलेले जिवाणू वाढू लागतात. शिवाय त्याच्या पोटातील पाचक रस त्याचेच मांस विरघळवू लागतात. या दोन्ही क्रिया थांबवता येत नाहीत. थंडीने त्या फक्त मंदावतात. मासळीच्या साठवणुकीत एक ढोबळ हिशोब वापरला जातो. वितळत्या बर्फात, म्हणजे शून्य अंशाजवळ, मासा ज्या वेगाने बिघडतो, त्याच्या सुमारे चौपट वेगाने तो दहा अंशांवर बिघडतो आणि वीस अंशांवर सुमारे नऊपट वेगाने. खानदेशातील वैशाखात तापमापकाचा पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो. तिथे तर काही तासांतच मासा खाण्याजोगा राहत नाही.

आता दोन माशांची तुलना करून पाहा. पहिला रोहू तीन दिवसांपूर्वी तळ्यातून काढला, तासाभरात बर्फात गेला आणि तेव्हापासून बर्फातच आहे. दुसरा रोहू आज पहाटे चार वाजता धरणातून निघाला, ओल्या पोत्यात गुंडाळून आणला गेला आणि सकाळी अकरा वाजता उघड्या फळीवर पडलेला आहे. मे महिन्यात या दोघांपैकी पहिला मासा अधिक चांगला असण्याची शक्यता आहे. चांगला बर्फ मिळत राहिला, तर रोहूसारखा मासा आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक काळ खाण्यायोग्य राहतो. डिसेंबरातील गारठ्यात मात्र हिशोब उलटतो. पहाटेचा मासा आठ वाजता आपल्या हाती आला, तर तो खरोखरच उत्तम असतो.

म्हणून विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न 'आजचा आहे का?' हा नव्हे. त्याचे उत्तर सगळीकडे 'आजचाच' असेच मिळते. 'मावशी, हा कुठल्या पाण्यातला? बर्फात केव्हा पडला?' असे विचारावे. नेहमीच्या विक्रेत्या या प्रश्नाचे उत्तर सरळ देतात, कारण असे विचारणारे गिऱ्हाईक माल पारखणार, हे त्यांच्या लक्षात येते. उत्तरासोबत फळीकडेही पाहावे. माशांच्या खाली आणि वर बर्फ आहे, की पाणी शिंपडून नुसता ओलावा आणि चकाकी राखली आहे? शिंपडलेल्या पाण्याने मासा ताजा दिसतो. पण थंड राहत नाही. माशाच्या अंगावर हाताची पाठ टेकवून पाहिली, की गारवा आहे की नाही हे क्षणात कळते.

समुद्रातील माशाच्या बाबतीत कालगणनेचा आणखी एक धागा हाती ठेवावा. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून साधारण दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या काळात अमळनेरच्या बाजारात मोठे पापलेट किंवा सुरमई दिसली, तर ती बहुधा शीतगृहातील किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेली असते. शीतगृहातला मासा वाईटच असतो असे नाही. पण एकदा गोठवून सोडवलेला मासा ताजा म्हणून विकला जात असेल, तर तो त्याच दिवशी शिजवावा. घरी आणून पुन्हा गोठवू नये.

वय वाढले की नाकावर किती विसंबावे?

मासा पारखताना आपण सर्वप्रथम वास घेतो. परंतु वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते, आणि ती इतकी हळूहळू मंदावते की स्वतःला कळतही नाही. सत्तरीच्या पुढील अनेकांना बिघडू लागलेल्या माशाचा आरंभीचा सौम्य आंबूस वास येतच नाही. मोतिबिंदू असेल, तर डोळ्यांतील पारदर्शकपणाही नीट दिसत नाही. बोटांची पारख मात्र पुष्कळदा टिकून राहते. म्हणून ज्येष्ठांनी आपल्या पारखीचा क्रम बदलावा. आधी बोट, मग डोळा आणि शेवटी नाक. तेही जमल्यास सोबतच्या तरुण माणसाचे.

बोटाने तीन ठिकाणी पाहावे. प्रथम पाठीच्या जाड भागावर बोट दाबून सोडावे. ताज्या माशाचा खळगा लगेच भरून येतो. शिळ्या माशावर बोटाचा ठसा तसाच राहतो. नंतर पोट चाचपावे. पोट घट्ट असावे. ते लिबलिबीत झाले असेल किंवा फाटू लागले असेल, तर आतील पाचक रसांनी आपले काम बरेच पुढे नेले आहे असे समजावे. बांगडा आणि तारली या माशांची पोटे सर्वांत आधी जातात. शेवटी मासा मधोमध आडवा धरावा. तो काठीसारखा ताठ राहिला, तर त्याला मरून फार वेळ झालेला नाही किंवा त्याला लवकर बर्फ मिळालेला आहे. हा ताठरपणा काही काळच टिकतो आणि उन्हाळ्यात लवकर सरतो. त्यामुळे ताठ मासा निश्चित चांगला. पण सैल मासा वाईटच, असा निष्कर्ष काढू नये. सैल माशाचे कल्ले पाहून मग ठरवावे.

डोळ्यांनी कल्ले पाहावे. माशाच्या गालावरील झाकण उचलले, की आत लाल झालरीसारखे कल्ले दिसतात. ते तांबडे-लाल असावेत आणि त्यांवरचा चिकट स्राव पाण्यासारखा स्वच्छ असावा. तपकिरी, करडे किंवा पांढुरके कल्ले, त्यांवर साचलेला गढूळ चिकटा आणि घाण वास ही बिघाडाची खूण होय. कल्ले आधीच काढून टाकलेला अखंड मासा विकायला असेल, तर त्याची सर्वांत बोलकी खूण आपल्यापासून दूर गेली आहे, हे लक्षात ठेवावे. माशाचा डोळा फुगीर, पारदर्शक आणि काळ्याभोर बाहुलीचा असावा, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र बर्फाचा खडा थेट डोळ्यावर टेकून राहिला, तर चांगल्या माशाचाही डोळा धुरकट होतो. म्हणून एकट्या डोळ्यावरून मासा नाकारू नये. पण डोळा खोल गेलेला आणि कल्ले तपकिरी, अशा दोन्ही खुणा एकत्र दिसल्या, तर तो घेऊ नये.

वासाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. तळ्यातील किंवा धरणातील माशाला कधी कधी ओल्या चिखलासारखा वास येतो. तो पाण्यातील शेवाळ व सूक्ष्मजीवांपासून येतो आणि त्याचा शिळेपणाशी संबंध नाही. शिळेपणाचा वास आंबूस असतो आणि पुढे तो नवसागरासारखा झोंबणारा होतो. या दोहोंतील फरक एकदा नाकाला कळला, की चांगला रोहू चिखलाच्या वासामुळे परत केला जात नाही.

तुकडे करून ठेवलेल्या माशात डोळाही नसतो आणि कल्लेही नसतात. अशा वेळी मणक्याजवळ पाहावे. मांस काट्याला घट्ट चिकटलेले आणि ओलसर चमकदार असावे. ते काट्यापासून सुटू लागले असेल, मणक्यालगत तपकिरी-लाल पट्टा पसरला असेल किंवा तुकडा ठेवलेल्या ताटलीत गढूळ पाणी साचले असेल, तर तो सोडून द्यावा. शक्यतो अखंड मासा निवडून आपल्यासमोर तो साफ करून घ्यावा, हे उत्तम.

जो धोका चवीवरून कळत नाही

एवढे सर्व पाहिल्यावरही एक धोका उरतो. तो बहुतेक घरांत माहीत नसतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. बांगडा, सुरमई, कुपा, तारली अशा गडद मांसाच्या समुद्री माशांत हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा काही तास उष्ण राहिला, की जिवाणू या घटकापासून हिस्टामीन तयार करतात. आपल्या शरीरात वावडे उठते, तेव्हा जे रसायन गांधी आणि खाज आणते, तेच हे रसायन. ते एकदा माशात तयार झाले, की नाहीसे होत नाही. तळल्याने, उकळल्याने किंवा गोठवल्याने ते जात नाही. मिठाने किंवा कोकमानेही ते नष्ट होत नाही. मासा नंतर पुन्हा बर्फात ठेवला तरी आधी तयार झालेले हिस्टामीन तसेच राहते. वास फारसा बदललेला नसतानाही ते माशात असू शकते.

असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तास-दोन तासांत चेहरा व मान लाल होते, अंगाची आग होते, डोके ठणकते, छातीत धडधडते आणि गांधी उठतात. काहींना मळमळ व जुलाब होतात. जेवताना जिभेला मिरीसारखा झोंबणारा स्पर्श जाणवला, तर तिथेच घास थांबवावा. तरुण माणसाला हा त्रास बहुधा दिवसभरात ओसरतो. हृदयविकार असलेल्या किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत मात्र रक्तदाब घसरणे आणि धडधड वाढणे गंभीर ठरू शकते. क्षयरोगावरील आयसोनायझिड हे औषध चालू असेल, तर शरीराची हिस्टामीन निष्प्रभ करण्याची क्षमता कमी होते. अशा रुग्णाला थोड्या प्रमाणातही तीव्र त्रास होऊ शकतो. आयसोनायझिड सुरू असलेल्यांनी हे मासे खावेत की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

वरील लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना कोणता मासा, केव्हा आणि किती खाल्ला, हे आवर्जून सांगावे. त्यामुळे हे माशाचे कायमचे वावडे आहे की बिघडलेल्या माशाची बाधा, हे ठरवण्यास मदत होते. धाप लागली, घेरी आली किंवा ओठ व जीभ सुजली, तर वाट न पाहता रुग्णाला रुग्णालयात न्यावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

रोहू, कटला, मृगळ यांच्या बाबतीत हा विशिष्ट धोका फार कमी आहे. त्यामुळे उन्हाळ्यात, बर्फाची खात्री नसताना आणि घर लांब असताना, आजारी वृद्धासाठी बांगड्यापेक्षा रोहू अधिक सुरक्षित. घरी नेण्याच्या वाटेवर मासे अनेक असतील, तर बर्फाचा पहिला मान बांगड्याचा, हेही यावरून ठरते.

रसायन लावलेल्या माशाची शंका

मासा टिकवण्यासाठी फॉर्मेलिन वापरले जाते, अशी भीती वाचकांच्या मनात असते. ही भीती निराधार नाही. २०१८ साली केरळमध्ये असा मासा पकडला गेला आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात गोव्याने बाहेरून येणाऱ्या माशांवर काही दिवस बंदी घातली होती. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीवर रंग बदलून फॉर्मेलिन ओळखणारा संच तयार केला आहे. तो मुख्यतः तपासणी करणाऱ्यांसाठी उपयोगी आहे. घरच्या घरी मात्र निश्चित कसोटी नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे. मासा रबरासारखा कडक आहे, डोळे खोल गेलेले आहेत, कल्ले उडालेल्या रंगाचे आहेत आणि तरीही माशाचा कोणताच वास नाही, अशा विसंगतीवरून शंका घ्यावी आणि तो मासा सोडून द्यावा. बोंबलासारख्या काही माशांत थोडे फॉर्मल्डिहाइड नैसर्गिकरीत्याही तयार होते. त्यामुळे केवळ रसायन आढळले एवढ्यावरून भेसळ ठरत नाही. पाण्यात भिजवून ठेवल्याने हे रसायन पूर्ण निघून जाते, या समजावर मात्र विसंबू नये.

बाजारातून घरापर्यंत: एक उदाहरण

आतापर्यंत जे तास मोजले, ते विक्रेत्याकडचे होते. शेवटचा एक-दीड तास आपला असतो आणि पुष्कळदा चांगला मासा तिथेच बिघडतो. काळी प्लॅस्टिकची पिशवी, ती दुचाकीच्या हँडलला अडकवलेली, वर ऊन आणि वाटेत किराणा व भाजीची खरेदी, असे दृश्य नेहमीच दिसते. त्याऐवजी काय करता येईल, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, मे महिना आहे. अमळनेरपासून एसटीने तासाभराच्या अंतरावरील गावी वृद्ध दांपत्य राहते. त्यांची सून एक किलो रोहू आणि अर्धा किलो बांगडा नेण्यासाठी बाजारात आली आहे. आजोबांना रक्तदाबाचा त्रास आहे. ती निघताना सोबत थर्माकोलची झाकणाची पेटी घेते. औषधांच्या दुकानात थंड ठेवावी लागणारी औषधे अशा पेट्यांतून येतात आणि मागितल्यास रिकामी पेटी सहसा मिळते. पेटी नसेल, तर स्टीलचा मोठा डबा घोंगडीच्या तुकड्यात किंवा जाड पोत्यात गुंडाळून चालतो.

ती बाजारात सकाळी आठच्या सुमारास जाते आणि किराणा, औषधे, भाजी हे सर्व आटोपून मासे शेवटी घेते. रोहूचे कल्ले लाल आहेत, पाठ दाबली की भरून येते, अंगाला गारवा आहे. तो ती घेते. पहिल्या फळीवरील बांगडा बर्फाविना पडलेला आहे आणि त्याचे पोट मऊ झाले आहे. तो स्वस्त असूनही ती सोडते. दुसऱ्या फळीवर तो बर्फात आहे आणि ताठ आहे. तिथून ती अर्धा किलो घेते.

मग ती दोन्ही मासे तिथेच साफ करवते. आतडी आणि कल्ले हे बिघाडाचे मूळ असल्याने ते प्रवासात बरोबर नसावेत. मात्र मासे अखंड ठेवते, फार तर दोन-तीन मोठे तुकडे करवते. जितके अधिक तुकडे, तितके अधिक कापलेले मांस फळीवरील चाकूच्या आणि पाण्याच्या संपर्कात येते. साफ केलेला मासा नळाच्या स्वच्छ पाण्याने एकदा धुऊन घेतला, की पुरे.

आता बर्फ किती? दीड किलो मासा पंचवीस अंशांवरून शून्याजवळ आणण्यासाठी सुमारे चारशे ग्रॅम बर्फ वितळतो. बाहेर चाळीस अंशांचे ऊन असेल, तर साध्या थर्माकोलच्या पेटीत सव्वा तासाच्या प्रवासात जवळजवळ तेवढाच बर्फ बाहेरची उष्णता अडवण्यात खर्ची पडतो. म्हणजे आठशे ग्रॅम तर जाणारच. एसटी उशिरा आली, फाट्यावर थांबावे लागले, तर आणखी जाईल. म्हणून उन्हाळ्यात माशाच्या वजनाइतका किंवा त्याहून थोडा अधिक, म्हणजे इथे दोन किलो बर्फ घ्यावा. हिवाळ्यात निम्मा पुरतो. एवढा बर्फ बाजारात सहज मिळतो. नाहीतर आदल्या रात्री घरच्या फ्रीजमध्ये गोठवलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्याही उपयोगी पडतात. बाटली माशाला थोड्याच जागी टेकते आणि त्याला सावकाश थंड करते. फोडलेला बर्फ त्याला सर्व बाजूंनी वेढतो. म्हणून बाटल्या असल्या तरी मूठ-दोन मुठी फोडलेला बर्फ विक्रेत्याकडून मागून घ्यावा.

रोहू आणि बांगडा दोन वेगळ्या जाड पिशव्यांत भरून, आतील हवा दाबून काढून, तोंडे घट्ट बांधावीत. पिशवीत हवा राहिली, तर ती गारव्याच्या आड येते. पेटीच्या तळाशी बर्फाचा थर, त्यावर बांगडा, पुन्हा बर्फ, मग रोहू आणि वर उरलेला सर्व बर्फ अशी रचना करावी. गारवा वरून खाली उतरतो, म्हणून वरचा थर सर्वांत जाड असावा. पिशव्या बंद असल्याने वितळलेले पाणी ओतून देण्याची गरज नाही. ते गार पाणी माशाला चहूबाजूंनी थंडच ठेवते. पेटी वाटेत उघडून पाहू नये. दूध, फळे किंवा कोशिंबिरीची भाजी त्याच पेटीत ठेवू नये, कारण ती कच्ची खाल्ली जातात आणि माशाचे पाणी त्यांना लागले, तर शिजवून ते निर्धोक होणार नाही.

एसटीत ही पेटी इंजिनाजवळच्या उष्ण भागापासून दूर, आसनाखाली सावलीत ठेवावी. चारचाकी गाडी असेल, तर डिकीत न ठेवता आतील थंड भागात ठेवावी; उन्हात उभ्या असलेल्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते. दुचाकीवर हँडलऐवजी पायांजवळच्या सावलीत ठेवून वर ओले पोते टाकावे.

घरी पोहोचल्यावरची कसोटी

घरी पेटी उघडली, की एकच गोष्ट पाहायची. बर्फ शिल्लक आहे का? पेटीत थोडा जरी बर्फ दिसत असेल आणि मासा त्याला लागून असेल, तर प्रवासात तो थंडच राहिला. आपल्या सुनेच्या पेटीत अजून निम्म्याहून अधिक बर्फ आहे, म्हणजे तिची वाट निर्धोक झाली. बर्फ संपून पाणी झाले असेल, पण ते बोटाला झोंबण्याइतके गार असेल, तरीही मासा लगेच शिजवायला घ्यावा. पाणी कोमट झाले असेल, तर किती वेळ गेला याचा विचार करावा. मासा बर्फाविना एकूण दोन तासांपेक्षा अधिक राहू नये आणि कडक उन्हाळ्यात एका तासापेक्षा अधिक राहू नये. बांगड्याच्या बाबतीत ही मर्यादा अजिबात ओलांडू नये.

शिजवण्यास वेळ असेल, तर मासा झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमधील सर्वांत थंड खणात ठेवावा. दारातील कप्प्यात नव्हे. दुसऱ्या दिवशीपर्यंत तो वापरावा. गावी वीज तासन्तास जात असेल, तर फ्रीजवर विसंबू नये. पेटीतील उरलेल्या बर्फातच मासा ठेवून त्याच दिवशी शिजवावा. हळद आणि मीठ लावून ठेवण्याची आपली जुनी रीत चवीसाठी उत्तम आहे. मात्र घरी लावतात तेवढ्या प्रमाणात ती थंडीची जागा घेऊ शकत नाही. हळद लावलेला बांगडाही ओट्यावर दुपारभर राहिला, की त्यात हिस्टामीन तयार होतेच.

शेवटी एक गोष्ट घरातील काळजीवाहकांसाठी. बिघडल्याची शंका असलेला मासा टाकून द्यायला वयस्कर मंडळी सहसा तयार होत नाहीत. ज्यांनी टंचाईचे दिवस पाहिले, त्यांना अन्न टाकणे जड जाते. 'चांगला शिजव, चिंच जास्त घाल, काही होत नाही', असा त्यांचा आग्रह असतो. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा हिस्टामीनची गोष्ट त्यांना शांतपणे समजावून सांगावी. शिजवल्याने जिवाणू मरतात. पण त्यांनी आधी तयार करून ठेवलेले रसायन मरत नाही, हे एकदा पटले, की आग्रह आपोआप मावळतो. आणि पुढच्या खेपेला बाजारात निघताना पेटी काढून ठेवण्याची आठवण बहुधा तेच करून देतात.